विश्लेषण : टोपली तीच, लेबल काढलं तर काय? यंत्र फळं कशी ओळखतं आणि कशी नुसतीच वेगळी करतं

संत्रं आणि मोसंबी यांतला फरक ओळखायला माणसाला क्षणभरही लागत नाही. रंग दिसतो, साल हाताला लागते, वास येतो. यंत्राकडे यातलं काहीच नसतं. त्याच्याकडे फळाबद्दल मोजलेले काही आकडे असतात आणि त्या आकड्यांवरूनच त्याला निर्णय घ्यायचा असतो.

हा निर्णय शिकण्याचे मशीन लर्निंगमध्ये दोन मुख्य मार्ग आहेत. एक सुपरवाइज्ड लर्निंग, दुसरा अनसुपरवाइज्ड लर्निंग. पाठ्यपुस्तकातली व्याख्या एका ओळीची आहे : पहिल्यात उदाहरणांना लेबल लावलेली असतात, दुसऱ्यात नसतात. व्याख्या बरोबर आहे, पण तिच्यातून खरा फरक कळत नाही. लेबल काढून घेतलं की यंत्राला विचारलेला प्रश्नच बदलतो. कसा, ते सात फळांच्या एका छोट्या टोपलीवरून पाहू.

यंत्रापुढे फळ कोणत्या रूपात जातं?

समजा, प्रत्येक फळाच्या दोनच गोष्टी मोजल्या. पहिली वजन, ग्रॅममध्ये. दुसरी रंगछटा, अंशांमध्ये. मोबाइलवर फोटो एडिट करताना रंगांचं जे गोल चक्र दिसतं, त्यावर लाल रंग ० अंशांवर असतो, नारिंगी साधारण ३० वर, पिवळा ६० वर आणि हिरवा १२० वर. म्हणजे पिकलेलं संत्रं ३० च्या आसपास आणि पिवळसर-हिरवी मोसंबी ७० च्या आसपास.

आता सहा फळं घेऊ. त्यांचे आकडे इथे समजण्यासाठी धरलेले आहेत, पण पुढचं गणित खरं आहे. कागद-पेन घेऊन कुणालाही पडताळता येईल.

संत्री तीन : १३० ग्रॅम आणि ३२ अंश, १४५ ग्रॅम आणि ३५ अंश, १६० ग्रॅम आणि ३० अंश.
मोसंबी तीन : १७० ग्रॅम आणि ७० अंश, १८५ ग्रॅम आणि ७५ अंश, २०० ग्रॅम आणि ६८ अंश.

आलेखाच्या कागदावर आडव्या रेषेवर वजन आणि उभ्या रेषेवर छटा घेतली, तर प्रत्येक फळ म्हणजे एक ठिपका होतो. सालीचा खरखरीतपणा, वास, चव या कागदावर कुठेच नाही. कोणत्या गोष्टी मोजायच्या हे माणसाने आधीच ठरवून टाकलेलं असतं आणि जे मोजलं नाही ते यंत्रासाठी अस्तित्वातच नसतं. याचं एक गमतीशीर उदाहरण चिकूचं. तपकिरी रंग म्हणजे चक्रावर गडद नारिंगीच. त्यामुळे केवळ छटा मोजली तर चिकू आणि संत्रं एकमेकांच्या अगदी शेजारी बसतात. उजळपणा वेगळा मोजला तरच ते दूर होतात.

लेबल असलेली टोपली : सुपरवाइज्ड

पहिल्या टोपलीत या सहाही फळांवर चिठ्ठी आहे, ‘संत्रं’ किंवा ‘मोसंबी’. आता सातवं फळ येतं, बिनचिठ्ठीचं : १४० ग्रॅम, ६८ अंश. ही प्रत्यक्षात एक लहान मोसंबी आहे, पण यंत्राला ते ठाऊक नाही.

ओळखण्याच्या पद्धती अनेक आहेत. सर्वांत समजायला सोपी म्हणजे शेजाऱ्यांना विचारणं. तांत्रिक भाषेत तिला ‘के-निअरेस्ट नेबर्स’ म्हणतात. नव्या ठिपक्याच्या सर्वांत जवळचे तीन ठिपके शोधायचे, त्यांच्या चिठ्ठ्या पाहायच्या आणि बहुमत घ्यायचं. अंतर काढायला शाळेतला पायथागोरस पुरतो : वजनातल्या फरकाचा वर्ग, छटेतल्या फरकाचा वर्ग, दोन्हींची बेरीज आणि तिचं वर्गमूळ.

सातव्या फळापासून १७० ग्रॅमच्या मोसंबीचं अंतर येतं सुमारे ३०. १४५ ग्रॅमच्या संत्र्याचं ३३ आणि १३० ग्रॅमच्या संत्र्याचं ३७. जवळचे तीन शेजारी हेच. एक मत मोसंबीला, दोन संत्र्याला. यंत्र जाहीर करतं : संत्रं.

चूक. आणि गंमत म्हणजे छटेकडे नुसतं पाहिलं तरी चूक दिसते. ६८ अंशांचं एकही संत्रं टोपलीत नाही, ६८ ची मोसंबी मात्र आहे. मग गोंधळ कुठे झाला? टोपलीत वजन १३० ते २०० पर्यंत पसरलंय, म्हणजे ७० चा पल्ला. छटेचा पल्ला ३० ते ७५, म्हणजे ४५ चा. ग्रॅमचे आकडे मोठे, म्हणून अंतराच्या हिशेबात वजनाचा आवाज मोठा झाला. फळ वजनाला हलकं होतं, म्हणून ते संत्र्यांकडे ओढलं गेलं. हेच वजन किलोमध्ये लिहिलं असतं, तर ०.१४ आणि ०.२ यांतला फरक नगण्य ठरून सगळा निर्णय एकट्या रंगावर गेला असता. फळ तेच, फक्त मोजायचं एकक बदललं आणि उत्तर बदललं.

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक मापाला त्याच्या पल्ल्याने भागायचं. वजनातला फरक ७० ने, छटेतला फरक ४५ ने. आता अंतरं पुन्हा काढली तर १७० ग्रॅमची मोसंबी ०.४३ वर, १८५ ग्रॅमची मोसंबी ०.६६ वर आणि १४५ ग्रॅमचं संत्रं ०.७४ वर येतं. दोन मतं मोसंबीला, एक संत्र्याला. उत्तर बरोबर. या भागाकाराला ‘स्केलिंग’ म्हणतात. नवशिक्यांच्या प्रोजेक्टमध्ये हमखास राहून जाणारी पायरी हीच.

इथे एका गोष्टीकडे लक्ष द्यायला हवं. पहिलं उत्तर चुकलं हे कळलं कसं? सातव्या फळाचं खरं नाव माहीत होतं म्हणून. सुपरवाइज्ड लर्निंगची खरी ताकद या ‘माहीत असण्यात’ आहे. यंत्राचं उत्तर ताडून पाहायला खरं उत्तर हाताशी असतं.

मग परीक्षा कशी घ्यायची?

ज्या फळांवर शिकवलं त्याच फळांवर परीक्षा घेतली, तर निकाल फसवा येतो. शेजारी तीनऐवजी एकच धरला, तर टोपलीतल्या कोणत्याही फळाचा सर्वांत जवळचा शेजारी तो स्वतःच असतो. अंतर शून्य. म्हणजे यंत्र काहीही शिकलेलं नसताना शंभरपैकी शंभर गुण! म्हणून काही लेबल लावलेली फळं सुरुवातीलाच बाजूला काढतात, शिकवताना ती दाखवत नाहीत आणि परीक्षा फक्त त्यांच्यावर घेतात.

ही फळं बाजूला काढतानाही घोळ होतो. एकाच बागेतली, एकाच सकाळी, एकाच बल्बखाली फोटो काढलेली शंभर संत्री असतील आणि त्यांतली ऐंशी शिकवायला, वीस परीक्षेला ठेवली, तर परीक्षा सोपी होते. ती वीस फळं ऐंशींची जुळी भावंडंच असतात. परीक्षेची फळं दुसऱ्या बागेतली, दुसऱ्या दिवशीची असली की खरा निकाल समोर येतो आणि बहुतेक वेळा तो आधीपेक्षा कमी असतो.

नागपुरी संत्र्याच्या बाबतीत हा धोका अगदी ठोस आहे. विदर्भात संत्र्याचे दोन बहर घेतले जातात. मृग बहराची फळं हिवाळ्याच्या अखेरीपासून तोडणीला येतात, आंबिया बहराची त्याआधी, पावसाळा संपल्यावर. संत्र्याच्या सालीतला हिरवा रंग जाऊन नारिंगी चढायला थंड रात्री लागतात. त्यामुळे लवकर तोडलेलं आंबिया बहराचं फळ आतून तयार असलं तरी बाहेरून हिरवट राहू शकतं. आता ज्या यंत्राने फक्त मृग बहराची नारिंगी फळं पाहिली आहेत, त्याच्यापुढे हे हिरवट संत्रं गेलं तर? छटा मोसंबीच्या बाजूला सरकलेली, म्हणून उत्तर ‘मोसंबी’. यंत्रात बिघाड झालेला नाही, शिकवणीतल्या फळांपेक्षा बाहेरचं फळ बदललं आहे. हे ओळखायचा एकच भरवशाचा मार्ग आहे : हंगाम बदलला की ताज्या फळांतली थोडी माणसाकडून तपासून घ्यायची आणि यंत्राच्या उत्तरांशी ताडायची.

टोपलीत लिंबू आलं तर?

सुपरवाइज्ड यंत्राची दुसरी अडचण अशी की त्याला जेवढी नावं शिकवली, तेवढीच ते उच्चारू शकतं. आपल्या यंत्रापुढे ४५ ग्रॅमचं, ६० अंश छटेचं लिंबू ठेवू. स्केलिंग करून अंतरं काढली तर जवळचे तीन शेजारी येतात १३० ग्रॅमचं संत्रं, १४५ ग्रॅमचं संत्रं आणि १६० ग्रॅमचं संत्रं. तीन विरुद्ध शून्य. लिंबू म्हणजे संत्रं, आणि तेही एकमताने!

सातव्या फळाच्या वेळी बहुमत दोन-एक होतं आणि उत्तर बरोबर होतं. इथे एकमत आहे आणि उत्तर हास्यास्पद आहे. मतांची संख्या पाहून यंत्राच्या खात्रीवर विश्वास ठेवणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे. खूण मतांत दिसत नाही, अंतरात दिसते. मोसंबीचा सर्वांत जवळचा शेजारी ०.४३ वर होता, लिंबाचा १.३६ वर. अंतर एका मर्यादेपलीकडे गेलं तर ‘ओळखता येत नाही’ म्हणून फळ बाजूला काढा, अशी सूचना यंत्रात वेगळी घालावी लागते. ती आपोआप येत नाही.

लेबलच खोटं असेल तर?

आतापर्यंत चिठ्ठ्या खऱ्या धरल्या. बाजारात तसं असतंच असं नाही. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला हापूसच त्या नावाने विकता यावा, हा त्यामागचा हेतू. त्याची गरज पडली कारण इतर भागांतले आंबे कोकणचे म्हणून पेट्यांत भरून विकले जातात, ही बागायतदारांची जुनी तक्रार आहे.

आता कुणी बाजारातून पेट्या घेऊन, पेटीवर छापलेलं नाव हेच लेबल मानून ‘अस्सल हापूस ओळखा’ असं यंत्र शिकवलं तर काय होईल? काही पेट्यांवरचं नाव खोटं असेल, तर यंत्र त्या खोट्या नावासकट शिकेल. त्याहून वाईट म्हणजे परीक्षेसाठी बाजूला काढलेल्या फळांची लेबलंही त्याच पेट्यांवरून आलेली असतील. म्हणून परीक्षेतही चूक पकडली जाणार नाही. गुण चांगले दिसतील आणि यंत्र प्रत्यक्षात ‘कोकणचा आंबा’ ओळखत नसेल, तर ‘कोकणचा म्हणून विकला गेलेला आंबा’ ओळखत असेल. ज्याच्या बागेतला अस्सल माल यंत्र नाकारेल, त्याला हा फरक दराच्या रूपात मोजावा लागेल. म्हणून लेबल पेटीवरून घ्यायचं की थेट बागेतून, तोडणीच्या वेळी, हा निर्णय कोणत्याही अल्गोरिदमच्या निवडीपेक्षा मोठा आहे. आणि तो खर्चिकही आहे, कारण तिथे माणूस पाठवावा लागतो.

लेबल नसलेली टोपली : अनसुपरवाइज्ड

या खर्चामुळेच दुसरा मार्ग आकर्षक वाटतो. सातही फळांच्या चिठ्ठ्या काढून टाकू. यंत्राला एवढंच सांगू : यांचे दोन गट कर.

यासाठी सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे ‘के-मीन्स’. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट लॉइड यांनी ती १९५७ मध्ये मांडली, ‘के-मीन्स’ हे नाव जेम्स मॅक्वीन यांनी १९६७ मध्ये वापरलं. पायऱ्या दोनच आहेत. आधी दोन ठिकाणी दोन काल्पनिक केंद्रं ठेवायची. मग प्रत्येक फळ त्याच्या जवळच्या केंद्राला जोडायचं. त्यानंतर प्रत्येक गटाची सरासरी काढून केंद्र तिथे हलवायचं. केंद्र हललं की काही फळांचं जवळचं केंद्र बदलतं, म्हणून पुन्हा जोडणी, पुन्हा सरासरी. काहीच बदलेनासं झालं की थांबायचं.

आधी फक्त वजनावर करून पाहू. सात वजनं चढत्या क्रमाने : १३०, १४०, १४५, १६०, १७०, १८५, २००. केंद्रं ठेवली १३० आणि २०० वर. मधली सीमा १६५. पहिल्या गटात १३०, १४०, १४५, १६०, दुसऱ्यात उरलेली तीन. पहिल्याची सरासरी १४३.७५, दुसऱ्याची १८५. केंद्रं तिथे हलवली, सीमा १६४ च्या किंचित वर आली, पण एकही फळ इकडचं तिकडे गेलं नाही. काम संपलं. गट तयार : चार हलकी फळं, तीन जड फळं. हलक्यांत तीन संत्री आणि आपली १४० ग्रॅमची लहान मोसंबी.

आता फक्त छटेवर : ३०, ३२, ३५ एका बाजूला आणि ६८, ६८, ७०, ७५ दुसऱ्या बाजूला. तीन संत्री, चार मोसंबी.

यातली कोणती विभागणी बरोबर? रस काढणाऱ्याला विचारलं तर दुसरी, कारण त्याला संत्रं आणि मोसंबी मिसळून चालणार नाही. एका आकाराच्या खोक्यात एकसारखी फळं भरणाऱ्याला विचारलं तर पहिली. यंत्राला या दोघांपैकी कोण विचारतंय हे माहीतच नव्हतं. सुपरवाइज्ड पद्धतीत ‘संत्रं’ आणि ‘मोसंबी’ या चिठ्ठ्यांतच कशावरून वेगळं करायचं आहे ते दडलेलं होतं. चिठ्ठ्या गेल्या, तसा तो हेतूही गेला. उरले फक्त ‘कोण कोणाच्या जवळ आहे’ याचे आकडे. गटांना नावंही नाहीत. यंत्र ‘गट ०’ आणि ‘गट १’ एवढंच सांगतं. गट ० म्हणजे संत्री, हे माणसाने डोकावून पाहिल्यावर ठरतं.

पायथॉनमध्ये scikit-learn या लोकप्रिय लायब्ररीत हा सगळा फरक एका अक्षरात दिसतो :

```python
KNeighborsClassifier(n_neighbors=3).fit(X, y)
KMeans(n_clusters=2).fit(X)
```

`X` म्हणजे फळांची मापं, `y` म्हणजे चिठ्ठ्या. दुसऱ्या ओळीत `y` नाही.

सुरुवात कुठून केली यालाही महत्त्व

वजन आणि छटा दोन्ही एकत्र घेतल्या आणि स्केलिंग करायला विसरलं, तर के-मीन्सचा एक स्वभाव उघड होतो. सुरुवातीची केंद्रं कुठे ठेवली त्यावर त्याचा शेवट अवलंबून राहतो. एका सुरुवातीतून यंत्र ‘संत्री-मोसंबी’ गटांवर येऊन थांबतं, दुसरीतून ‘हलकी-जड’ गटांवर. दोन्ही ठिकाणी एकही फळ हलायला तयार नसतं. म्हणून सॉफ्टवेअर अनेक वेगवेगळ्या सुरुवाती करून पाहू शकतं आणि ज्या विभागणीत फळं आपापल्या केंद्राला अधिक चिकटून असतील ती ठेवतं. मोजमाप म्हणजे प्रत्येक फळाच्या केंद्रापासूनच्या अंतराचा वर्ग आणि त्या सगळ्यांची बेरीज. आपल्या टोपलीत ही बेरीज संत्री-मोसंबी विभागणीसाठी सुमारे २४६४ येते आणि हलकी-जड विभागणीसाठी सुमारे १९१२. यंत्र दुसरी निवडेल. त्याच्या नियमाप्रमाणे ती सरस आहे. पुन्हा ग्रॅमचाच आवाज मोठा ठरला. फरक एवढाच की शेजाऱ्यांच्या पद्धतीत चूक परीक्षेत पकडता आली, इथे चुकलं असं सांगणारी कोणतीही चिठ्ठी नाही.

गट किती करायचे हे कोण ठरवतं?

यंत्राला ‘दोन गट कर’ असं आपणच सांगितलं होतं. टोपलीत किती प्रकार आहेत हे माहीत नसेल तर? वरची अंतरांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी करा, असं म्हणून चालत नाही. गट वाढवले की ती कमीच होत जाते आणि प्रत्येक फळाचा वेगळा गट केला की शून्य होते. सगळं ‘परिपूर्ण’, पण वर्गीकरण मात्र झालंच नाही.

म्हणून बेरीज कुठे झपकन उतरायची थांबते ते पाहतात. आपल्या छटांसाठी एकच गट धरला तर बेरीज २५१०. दोन गट केले की ती थेट ४५ वर येते. तीन केले की १५ वर. दोनवर प्रचंड उतार, पुढे नाममात्र. आलेख काढला तर दोनच्या जागी कोपरासारखा बाक दिसतो, म्हणूनच या पद्धतीला ‘एल्बो’ म्हणतात. इथे उत्तर स्वच्छ आहे, कारण संत्री आणि मोसंबी यांच्या छटांत मोठी रिकामी जागा आहे. खऱ्या मालात असा बाक अनेकदा दिसतच नाही, नुसता हळूहळू उतरणारा वळसा दिसतो. मग निर्णय पुन्हा माणसाकडे.

खऱ्या माहितीवर काय होतं?

सात फळं म्हणजे खेळणं झालं. खऱ्या मोजमापांवर दोन्ही मार्ग ताडून पाहायचे तर एक जुनी, जगभर शिकवली जाणारी नोंद उपयोगी पडते. ती फळांची नाही, फुलांची आहे. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९३६ मध्ये आयरिस फुलांच्या १५० नोंदी प्रसिद्ध केल्या. मोजमापं वनस्पतिशास्त्रज्ञ एडगर अँडरसन यांची. सेटोसा, व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका या तीन प्रजाती, प्रत्येकी ५० फुलं, आणि प्रत्येक फुलाची चार मापं : बाहेरच्या व आतल्या पाकळ्यांची लांबी आणि रुंदी.

प्रजातींची नावं लपवून के-मीन्सला तीन गट करायला सांगितलं, तर गट पडतात ५०, ६२ आणि ३८ फुलांचे. पहिला गट निव्वळ सेटोसाचा, एकही चूक नाही. गोंधळ उरलेल्या दोनांत. ६२ च्या गटात ४८ व्हर्सिकलर आणि १४ व्हर्जिनिका, ३८ च्या गटात ३६ व्हर्जिनिका आणि २ व्हर्सिकलर. म्हणजे १५० पैकी १६ फुलं भलत्या घरात.

लेबलं दिली तर? फिशर यांच्याच कल्पनेवर आधारलेली ‘लिनिअर डिस्क्रिमिनंट’ ही साधी सुपरवाइज्ड पद्धत याच १५० फुलांत फक्त ३ चुकवते. ही परीक्षा शिकवलेल्याच फुलांवर घेतलेली आहे हे खरं, पण १६ आणि ३ यांतला फरक तेवढ्याने भरून निघत नाही.

कारण समजून घेण्यासारखं आहे. व्हर्सिकलर आणि व्हर्जिनिका यांची मापं एकमेकांत मिसळलेली आहेत. त्यांच्यामध्ये रिकामी जागा नाही, म्हणून नुसत्या जवळिकीवरून सीमा शोधणाऱ्याला ती नेमकी सापडत नाही. चिठ्ठ्या असलेल्याला मात्र सीमा कुठून जाते हे प्रत्येक फूल सांगत असतं. गंमत पुढे आहे. गटांची सुबकता मोजणारं ‘सिल्हूट’ नावाचं एक माप आहे, ते १ च्या जितकं जवळ तितके गट सुटे. आयरिससाठी दोन गट केले तर ते सुमारे ०.६८ येतं आणि तीन केले तर ०.५५. म्हणजे मापानुसार दोन गट अधिक चांगले! पण प्रजाती तीन आहेत. यंत्र खोटं बोलत नाही. त्या चार मापांत खरोखर दोनच ठळक पुंजके आहेत. तिसरी प्रजाती वनस्पतिशास्त्रज्ञाला माहीत आहे, आकड्यांना नाही.

प्रत्यक्षात दोन्ही एकत्र

कामाच्या ठिकाणी ‘हे की ते’ असा प्रश्न क्वचितच उरतो. दहा हजार फोटो आहेत आणि लेबलं लावायला एकच जाणकार आहे, अशी स्थिती असते. तेव्हा आधी अनसुपरवाइज्ड पद्धतीने ढीग पाडून घेतात. जाणकार प्रत्येक ढिगातली थोडी फळं पाहून नाव देतो आणि ती नावं घेऊन सुपरवाइज्ड यंत्र शिकवलं जातं. ढीग पाडताना लिंबासारखं काही वेगळंच फळ असेल, तर ते कुठल्याही केंद्रापासून दूर पडलेलं दिसतं आणि शिकवणी सुरू होण्याआधीच लक्षात येतं.

या पद्धतीत घसरायची जागाही ठरलेली आहे. जाणकाराला ढिगाच्या मध्यातली फळं दाखवली, तर तो पटापट नावं देतो आणि सगळं छान वाटतं. पण मध्यातलं १४५ ग्रॅमचं संत्रं कोणीही ओळखेल. त्याच्या वेळेचा खरा उपयोग सीमेवरच्या फळांसाठी आहे : हलकी मोसंबी, हिरवट आंबिया संत्रं, व्हर्जिनिकासारखं दिसणारं व्हर्सिकलर. म्हणून काही ठिकाणी यंत्रालाच विचारलं जातं, तुझं बहुमत कुठे दोन-एक आलं? तीच फळं जाणकारापुढे जातात, त्यांना चिठ्ठी लागते आणि टोपली पुन्हा शिकवायला दिली जाते.